गोल हलत नाही, मैदान हलतं

फुटबॉलचं मैदान आखायचं काम माझ्याकडे आलं ते निव्वळ मी त्या दिवशी लवकर पोचलो म्हणून. मैदानाची देखभाल बघणाऱ्या काकांची कंबर धरली होती. मी आमच्या संघाचा सहाय्यक प्रशिक्षक, वीस वर्षं खेळलेला माणूस, त्यामुळे मला वाटलं यात काय विशेष आहे. रेषा मी आयुष्यभर बघितल्या होत्या. काकांनी एका खुर्चीत बसून फक्त सूचना द्यायच्या आणि मी व माझा मित्र मिळून आखणी करायची, असं ठरलं. दीड दिवस लागला, त्यातला पहिला अर्धा दिवस पूर्ण वाया गेला.

मैदान १०० मीटर लांब आणि ६४ मीटर रुंद करायचं होतं. नियमात लांबी ९० ते १२० आणि रुंदी ४५ ते ९० मीटर चालते, आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी ही मर्यादा आणखी आवळलेली आहे, १०० ते ११० आणि ६४ ते ७५. म्हणजे मैदानाचा आकार बऱ्यापैकी मोकळा ठेवलाय. पण आतला बॉक्स, वर्तुळ, पेनल्टीचा ठिपका यांची मापं सगळीकडे तीच. आमच्या मैदानावर हे वाक्य मला नंतर फार उपयोगी पडलं, कारण चुकलेली गोष्ट नेमकी कुठली ते त्यावरून कळतं.

मी कोपऱ्यापासून सुरुवात केली. घर बांधताना गवंडी करतात तसं. कुंपणापाशी एक खुंटी ठोकली, तिथून गोलरेषेच्या दिशेने सुतळी ताणली आणि काटकोन काढायला ३-४-५ चा त्रिकोण केला. सुतळीला ३, ४ आणि ५ मीटरच्या अंतराने गाठी मारल्या, सुतळी ताणली, काटकोन मिळाला. मग १०० मीटर लांब रेषा पुढे नेली, पलीकडे ६४ आडवी, परत १००. चारही बाजू टेपवर बरोबर आल्या. मी खूश होऊन काकांकडे बघितलं.

"कर्ण मोजलास का?" काका म्हणाले.

एवढा लांब कर्ण एका टेपमध्ये येत नव्हता, म्हणून मध्ये एक खुंटी घालून दोन टप्प्यांत मोजला. पहिला ११९ मीटर ४८ सेंटिमीटर. दुसरा ११७ मीटर ९७. १०० आणि ६४ च्या आयताचे दोन्ही कर्ण ११८ मीटर ७३ सेंटिमीटर यायला हवेत. आमच्यात दीड मीटरचा फरक होता. चारही बाजू बरोबर आणि तरी मैदान काटकोनात नाही, म्हणजे आम्ही आयत नाही तर तिरका चौकोन काढून बसलो होतो, बाजूने ढकललेल्या काडेपेटीसारखा.

मग मी पलीकडच्या गोलकडे गेलो. आमचे गोल जमिनीत पक्के पुरलेले, ते हलवता येत नाहीत. पलीकडचा गोल माझ्या गोलरेषेच्या मध्यापासून दीड मीटरहून जास्त बाजूला होता. अलीकडचाही मधोमध नव्हता. डाव्या खांबाच्या आतल्या बाजूपासून कोपरा २८ मीटर १०, आणि उजव्यापासून २८ मीटर ५८. दोन्हीकडे २८ मीटर ३४ यायला हवं होतं.

"गोल हलत नाही," काका खुर्चीतूनच म्हणाले, "मैदान हलतं. सगळं गोलपासून मोज. कोपरा सगळ्यात शेवटी येतो."

काटकोनाचं काय चुकलं ते शोधायला मी त्या सुतळीचा त्रिकोण पुन्हा ताणून बघितला. सुतळी ताणली की लांबते, आणि गाठीपाशी नेमकं कुठून मोजायचं तेही धड ठरलेलं नसतं. ५ मीटरच्या बाजूत साधारण साडेतीन सेंटिमीटरची चूक निघाली. ५ मीटरवर ती काहीच नाही. पण तोच कोन १०० मीटर पुढे नेला की रेषा १ मीटर ४० सेंटिमीटर बाजूला जाते. मग आम्ही तोच त्रिकोण तिप्पट केला, ९, १२ आणि १५ मीटर, आणि सुतळीऐवजी स्टीलची टेप वापरली. आता १५ मीटरवर साडेतीन सेंटिमीटर चुकलं तरी पलीकडच्या टोकाला ते पन्नास सेंटिमीटरच्या आतच राहतं. तेवढ्यावरही समाधान मानायचं नाही, कर्ण मोजायचेच. दुसऱ्या वेळी आमचे दोन कर्ण चार सेंटिमीटरच्या फरकात आले आणि काकांनी मान डोलावली.

यानंतर खरी आखणी सुरू झाली. काकांनी एक गोष्ट सांगितली जी मी वीस वर्षांत ऐकली नव्हती. पेनल्टी बॉक्स गोलच्या मध्यापासून मोजत नाहीत. तो खांबाच्या आतल्या कडेपासून बाहेर साडेसोळा मीटर, आणि मैदानाच्या आत साडेसोळा मीटर. गोल एरिया, ज्याला आम्ही सहा यार्डाचा बॉक्स म्हणतो, तोही खांबाच्या आतल्या कडेपासून साडेपाच. खांबांमधलं अंतर ७ मीटर ३२ सेंटिमीटर, त्यामुळे पेनल्टी बॉक्सची रुंदी ४० मीटर ३२ आणि सहा यार्डाच्या बॉक्सची १८ मीटर ३२ होते. हे विचित्र आकडे वाटतात. पण मूळ माप यार्डात आहे, ८ यार्डांचा गोल, ६ आणि १८ यार्डांचे बॉक्स, १० यार्डांचं वर्तुळ, १२ यार्डांवर पेनल्टी. मीटर नंतर आले, म्हणून ९.१५ सारखे अर्धवट आकडे आहेत.

सगळी मापं एकदाच, एका टेपवरून घ्यायची हेही त्यांनीच शिकवलं. मी आधी एक तुकडा मोजून खुंटी, तिथून पुढचा तुकडा मोजून खुंटी, असं करणार होतो, पण तसं केलं की प्रत्येक खुंटीची चूक पुढे साठत जाते. त्याऐवजी गोलरेषेवर टेप एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत ताणून ठेवायची आणि फक्त आकड्यांवर खुणा करायच्या. आमच्यासाठी त्या अशा होत्या: ११.८४ वर पेनल्टी बॉक्सची कड, २२.८४ वर सहा यार्डाची, २८.३४ वर खांबाची आतली बाजू, ३२ वर मध्य, मग ३५.६६, ४१.१६, ५२.१६ आणि शेवटी ६४. खांब तर जमिनीत घट्ट उभे होते, त्यामुळे टेप त्यांच्याशी जुळते का ते आपोआप तपासलं जात होतं. तीस सेकंदांत कळायचं.

मग आली रेषेच्या जाडीची भानगड. सुतळी म्हणजे नुसती कड आहे, रेषेला जाडी असते, आमची १० सेंटिमीटर. नियमात १२ पर्यंत चालते, पण गोलरेषा खांबाच्या जाडीइतकीच असली पाहिजे आणि आमचे खांब १० सेंटिमीटरचे. रंगाच्या चाकाच्या यंत्राची रुंदी मी आधी १२ वर ठेवली होती, म्हणजे रेषा दोन सेंटिमीटर खांबाच्या पुढे किंवा मागे आली असती. मागे आली असती तर खांबांमागेही रेषा दिसली असती आणि चेंडू गोलमध्ये गेला की नाही यावर कधी ना कधी वाद झाला असता, कारण गोल मानायला पूर्ण चेंडू पूर्ण रेषेच्या पलीकडे जावा लागतो.

जाडीचा दुसरा नियम मला जास्त आवडला. रेषा ज्या भागाची कड आहे, त्या भागाचाच ती हिस्सा असते. पेनल्टी बॉक्सची रेषा बॉक्समध्येच मोडते. टचलाइन मैदानातच मोडते. म्हणून मापं बाहेरच्या कडेपर्यंत घेतात आणि रंग सुतळीच्या आतल्या बाजूला मारायचा. बॉक्सच्या रेषेवर पाय ठेवून उभ्या असलेल्या आक्रमकाला तिथे पाडलं तर पेनल्टी. रेषेवर असलेल्या चेंडूला गोलरक्षकाने हात लावला तर तेही योग्य, कारण चेंडू कुठे आहे ते बघतात, त्याचे पाय कुठे आहेत ते नाही. मधल्या रेषेची सुतळी मात्र तिच्या मध्यभागी ठेवायची, कारण ती दोन्ही अर्ध्या भागांची आहे. तरीही ऑफसाइडच्या वेळी ती प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्यात धरत नाहीत. त्या रेषेवरचा खेळाडू ऑफसाइड होत नाही.

सहा यार्डाचा बॉक्स मला खेळताना कायम निरुपयोगी वाटायचा. गोलरक्षक गोलकिक कुठूनही मारतो, एवढंच. पण आखताना लक्षात आलं की तो इतर वेळीही लागतो. गोलकिक त्या बॉक्समध्ये कुठेही ठेवून मारता येते, बचाव करणाऱ्या संघाला त्याच्या आत फ्री किक मिळाली तर तीही कुठूनही, आणि हल्ला करणाऱ्या संघाला आत अप्रत्यक्ष फ्री किक मिळाली तर ती आतून न मारता गोलरेषेला समांतर असलेल्या रेषेवर, जवळच्या जागेवर आणून मारतात. नाहीतर भिंत कुठे उभी करायची, गोलरेषेवर? शाळेच्या मैदानावर तेच करायचो आम्ही, सगळे खांबांमध्ये ओळीने.

पेनल्टीचा ठिपका टाकताना मी फसलो, आणि ते मला डीने, म्हणजे बॉक्सबाहेरच्या कमानीने, दाखवून दिलं. गोलच्या मध्यापासून ११ मीटर, हे सोपं वाटतं. मी टेपचं टोक गोलरेषेच्या पुढच्या कडेला धरलं, म्हणजे मैदानाकडच्या. ११ मीटरवर खूण केली, तिथे खुंटी ठोकली आणि ९ मीटर १५ च्या दोरीने पेनल्टी बॉक्सच्या बाहेरचा कमानीचा तुकडा फक्कीने काढला. खुर्चीतून काका म्हणाले, "कमान बॉक्सच्या रेषेला कुठे लागते मोज."

मोजलं, मध्यापासून दोन्हीकडे ७ मीटर ३९ सेंटिमीटर. "७ मीटर ३१ यायला पाहिजे," काका म्हणाले, आणि मला वाटलं ते पाठ केलेले आकडे सांगताहेत. संध्याकाळी मी कागदावर काढून बघितलं. पेनल्टीचा ठिपका बॉक्सच्या पुढच्या रेषेपासून साडेपाच मीटर मागे, दोरी ९.१५, तर कमान रेषेला जिथे मिळते तो बिंदू मध्यापासून ७.३१ वर पडतो. साधा पायथागोरस. आणि माझा ७.३९ आला म्हणजे ठिपका साडेपाच नाही, ५.४० मीटर मागे होता. गेला कुठे तो दहा सेंटिमीटरचा फरक? मी रेषेच्या पुढच्या कडेपासून ११ मोजले होते, आणि ते मोजायचे गोलरेषेच्या बाहेरच्या, खांबामागच्या कडेपासून. आमची रेषा बरोबर १० सेंटिमीटरची. आठ सेंटिमीटरच्या फुगलेल्या कमानीने दहा सेंटिमीटरची चूक पकडून दिली. तेव्हापासून डी हा मला ठिपक्याचा पुरावा वाटतो.

ती कमान कशासाठी असते ते मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतं, आमच्या संघातल्याही. तिच्या आत उभं राहिल्याने काही वेगळी सवलत मिळत नाही, गोलरक्षकाने तिथे हाताने चेंडू पकडला तर हँडबॉल, कारण ती पेनल्टी बॉक्सचा भाग नाही. तिचा उपयोग फक्त एका क्षणापुरता: पेनल्टी मारताना बाकीच्यांनी बॉक्सबाहेर, ठिपक्याच्या मागे आणि ठिपक्यापासून किमान ९ मीटर १५ लांब राहायचं असतं. बॉक्सच्या बाहेर ऐन समोर उभं राहिलेला खेळाडू ठिपक्यापासून फक्त साडेपाच मीटरवर असतो, म्हणून त्याला मागे सरकवायला ही कमान. पेनल्टी १८९१ मध्ये आली, आताचा चौकोनी बॉक्स १९०२ मध्ये, आणि ही कमान १९३७ पर्यंत नव्हती. इतकी वर्षं रेफ्रींना अंदाजाने अंतर मोजावं लागलं असेल.

मधल्या वर्तुळाने आम्हाला सगळ्यात जास्त हसवलं. माझ्या मित्राने मध्यबिंदूवर बोटाएवढी, तीन सेंटिमीटर व्यासाची खुंटी ठोकली, दोरी तिला घट्ट गाठ मारून बांधली आणि फक्कीची पिशवी घेऊन फेरी मारायला निघाला. मी उलट दिशेने चालत त्याची रेष बघत होतो. सुरुवातीला उत्तम. पाव फेरी झाली, अर्धी झाली, मग मला वाटलं माझेच डोळे चुकतात. तो परत सुरुवातीच्या जागी आला तेव्हा त्याची रेष सुरुवातीच्या रेषेच्या आत होती, जवळपास साडेनऊ सेंटिमीटर. वर्तुळ मिटलंच नाही, गोगलगायीच्या शंखासारखं आत वळत गेलं होतं.

दोघेही दोरी धरून उभे राहिलो आणि मग दिसलं. गाठ घट्ट असल्याने दोरी खुंटीभोवती गुंडाळत चालली होती. खुंटीचा घेर नऊ सेंटिमीटर चार मिलिमीटर, एका फेरीत दोरी तेवढीच आखूड झाली. काका खुर्चीत हसू दाबत बसले होते, त्यांना हे आधीच ठाऊक होतं बहुतेक, पण सांगितलं नाही. खुंटीवर दोरीचा सैल फास टाकला, जो फिरत राहतो, आणि वर्तुळ मिटलं. बरं की फक्कीत काढलं होतं, झाडूने पुसून टाकलं. रंगाने आधी काढलं असतं तर गवत वाढून कापेपर्यंत मैदानाच्या मध्यभागी शंख दिसत राहिला असता.

फक्की म्हणजे चुना नव्हे, हेही काकांनी सुनावलं. मी चुन्याचं पोतं घेऊन येणार होतो. चुना कातडी जाळतो, घसरून पडलेल्या मुलाच्या डोळ्यात गेला तर जन्माची अडचण. आम्ही दगडाची साधी पांढरी पूड वापरली, ती फक्त आखणीपुरती, आणि पक्क्या रेषा पाण्याच्या रंगाने.

पक्क्या रेषा मारताना वर्तुळात ते जाडीचं तत्त्व पुन्हा आलं. ९ मीटर १५ हे अंतर रेषेच्या बाहेरच्या कडेपर्यंत. म्हणजे दोरीच्या टोकाशी यंत्राच्या चाकाची बाहेरची कड ठेवायची, चाकाचा मध्य नव्हे. माझा मित्र मध्य धरून चालणार होता, तसं केलं असतं तर बाहेरची कड पाच सेंटिमीटर जास्त बाहेर गेली असती. त्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे दोरी ९ मीटर १० ची करायची आणि मध्य धरूनच चालायचं. आम्ही तेच केलं.

मधलं वर्तुळ खेळ सुरू करण्यापुरतंच असतं: किक ऑफच्या वेळी समोरचा संघ चेंडूपासून तितक्या अंतरावर राहावा म्हणून. सामना पेनल्टी शूटआउटवर गेला तर बाकीचे खेळाडू मात्र त्याच वर्तुळात थांबतात. कोपऱ्यात १ मीटर त्रिज्येची पाव वर्तुळं काढायला दहा मिनिटंही लागली नाहीत. कोपऱ्याचा झेंडा किमान दीड मीटर उंच आणि टोक बोथट असायला हवं. आमच्या चारपैकी एकाला टोकदार काठी होती, ती काढून टाकली. मैदानाच्या बाहेर, कोपऱ्यातल्या कमानीपासून ९ मीटर १५ वर छोट्या खुणा करता येतात, बचाव करणाऱ्यांना अंतर कळावं म्हणून. त्या ऐच्छिक आहेत, तरी आम्ही केल्या.

सामन्याच्या दिवशी रेफ्री आल्यावर त्यांनी रेषा नुसत्या नजरेने बघितल्या आणि मैदानाभोवती चालून आले. पूर्वार्धात एक गोष्ट घडली जी मी अजून मनात धरून आहे. आमच्या बचावपटूने पेनल्टी बॉक्सच्या पुढच्या रेषेवर चाललेल्या आक्रमकाला पाय लावून पाडलं. त्या मुलाचा बूट निम्मा पांढऱ्यावर, निम्मा हिरव्यावर होता. आमच्या बाकावरून आरडाओरड सुरू झाली, "बाहेर होता, बाहेर!" रेफ्रीने शिट्टी मारली आणि हात ठिपक्याकडे केला. मी गप्प बसलो. ती पट्टी सुतळीच्या आतल्या बाजूलाच मारली होती, मीच.

पेनल्टी गोलमध्ये गेली. सामना संपल्यावर काका बॉक्सच्या कोपऱ्यापाशी काठी टेकत उभे होते आणि खाली बघत होते. खुंटी काढल्यानंतरचं भोक मी मातीने भरायचं विसरलो होतो, तेच त्यांना दिसलं होतं. "उद्या भर," ते म्हणाले, "आणि तीन बोटं पाणी घाल, नाहीतर माती खाली बसेल."